फ्रेमवाल्याचं आतलं माप

धाकटी दिवसभर लोकांचं रक्त, लघवी आणि थुंकी हाताळायची. तपासणीच्या लॅबमध्ये तिची अर्धी नोकरी झाली होती. डबीचं झाकण उघडलं की नवी मुलं नाकाला रुमाल लावून मागे सरकायची, पण धाकटी एका हातात डबी आणि दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन आरामात उभी राहायची. घाण ही घाणच असते, ती काही आपण अत्तर आहोत असं म्हणत नाही, मग तिचा राग कशाला करायचा, असं तिचं म्हणणं. किळस तिला यायची ती माणसांची. आणि माणसांतही, खरं सांगायचं तर, एकाच माणसाची. तिच्या सख्ख्या थोरल्या भावाची.

दादाचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. बाजारात त्याला सगळे फ्रेमवालाच म्हणायचे. हाताला सफाई होती, ते नाकारून चालणार नाही. कोपरा असा जुळवायचा की सांधा शोधून सापडत नसे. पण त्या सफाईचा माज असा काही चढला होता की विचारू नका. कुठल्याही घरात गेला की आधी भिंतीवरची फ्रेम बोटाने सरळ करायचा, मग घरच्यांची विचारपूस. "माप माझ्या डोळ्यांत आहे" हे वाक्य धाकटीने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याने "माप" म्हणताच पुढचं ती मनातल्या मनात पुरं करायची.

आई राहायची खाडीपलीकडे, एकटी. तिथे जायचं म्हणजे विमानाने जायचं, तिथून धक्क्यावर आणि मग बोटीने. आईच्या शेजारी एक निवृत्त नर्स राहत होत्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्या सकाळी सिस्टरचा फोन आला. "ताप उतरत नाहीये. छातीत कफ भरलाय. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले आजची रात्र बघायची. तुम्ही दोघं आजच या. उद्यावर टाकू नका."

धाकटीने दादाला फोन लावला आणि पटापट तिकिटं काढली. संध्याकाळच्या विमानात दोन जागा होत्या. अडचण एकच. विमान उतरणार आणि शेवटची बोट सुटणार, यात जेमतेम धक्क्यापर्यंत धावत जाण्याइतकाच वेळ. सामान खाली विमानाच्या पोटात टाकलं तर सामानाच्या पट्ट्यावर ते येईपर्यंत बोट गेलीच म्हणून समजा. मग पुढची बोट थेट सकाळी. आणि रात्र तर आजचीच बघायची होती.

"दादा, नीट ऐक," ती म्हणाली. "फक्त केबिनमध्ये नेता येईल एवढीच बॅग घे. त्यांचा नियम आहे. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्हींची बेरीज एकशे पंधरा सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. चाकं, मूठ, बाहेरचे कप्पे, सगळं धरून."

"बारके, तू मला माप शिकवणार?"

"शिकवत नाही. सांगतेय."

"मोजली मी. एकावन्न, छत्तीस, पंचवीस. एकशे बारा. तीन सेंटिमीटर वाचलेत, त्यात तुझी चप्पल ठेव हवी तर." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

"चाकं धरून मोजलीस ना?"

"ठेव फोन," दादा म्हणाला आणि त्यानेच ठेवला.

धाकटीने स्वतःची जुनी कापडी बॅग भिंतीला टेकवून उभी केली आणि पट्टीने मोजली. अठ्ठेचाळीस, चौतीस, चोवीस. एकशे सहा. एकदा मोजून समाधान होईना म्हणून पुन्हा मोजली. तिला स्वतःच्या डोळ्यांत माप असल्याचा भ्रम नव्हता.

विमानतळावर दादा भेटला तो नवीकोरी, कडक कवचाची, चकचकीत काळी बॅग ओढत. खाली चार चाकं, वर एक मूठ, बाजूला एक मूठ. धाकटीने ती एकदा वरून खाली पाहिली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

"मोठी दिसतेय रे."

"दिसते. आहे नाही. तुझं ते गाठोडं बघ आधी. आईला भेटायला चाललीस की धुणं द्यायला?"

तिच्या हातावर आईसाठी घेतलेली लोकरीची शाल होती. तिची बॅग औषधांनी आणि कपड्यांनी गच्च भरली होती. ती म्हणाली, "एवढी शाल तुझ्या बॅगेत टाक ना."

"जागा नाही."

"शालीला कितीशी जागा लागते?"

"नाही म्हटलं ना! दाबली जाईल." दादाने बॅग स्वतःच्या दुसऱ्या बाजूला घेतली. बॅगेला छोटं कुलूप होतं. एका रात्रीसाठी निघालेल्या माणसाच्या बॅगेत दाबलं जाईल असं काय आहे, हे तिला कळेना. पण भांडायला वेळ नव्हता आणि शाल काही जड नव्हती. तिने ती गळ्याभोवती गुंडाळली.

गेटवर रांग लागली होती. रांग म्हणजे काय, माणसांची खरी परीक्षा. एकजण केळ्याची साल खुर्चीखाली सरकवत होता. एकाने बूट काढून मोजे खुर्चीच्या हातावर वाळत घातले होते. एक बाई फोनवर सगळ्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात कुणाच्या तरी घटस्फोटाची हकीकत सांगत होती. आणि दादा? दादा ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या पुढे खांदा घालत होता. "आमची आई सीरियस आहे हो, जरा जाऊ द्या," म्हणत होता. विमान सगळ्यांचं एकाच वेळी उडणार होतं. दोन माणसं पुढे गेल्याने आईपाशी लवकर पोचणार नव्हता. पण आईचं आजारपण हातात आलंय तर ते कुठेतरी वापरलं पाहिजे ना! धाकटीला त्याच्या शेजारी उभं राहायचीही लाज वाटली.

गेटवर एक बाई टेप घेऊन उभी होती. तिचं काम सरळ होतं. संशय आला की बॅग बाजूला घ्यायची आणि खांबाला टेकवून उभी करायची. मग जमिनीपासून मुठीच्या वरच्या टोकापर्यंत एक माप, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत दुसरं, आणि पाठीपासून पुढच्या फुगवट्यापर्यंत तिसरं. तिन्हींची बेरीज. धाकटीच्या बॅगेकडे तिने नुसतं पाहिलं आणि मान हलवली. दादाची बॅग मात्र तिने बोटानेच बाजूला बोलावली.

"सत्तावन्न," ती म्हणाली. टेप आडवी धरली. "अडतीस." मग खोली. "सत्तावीस. एकशे बावीस होतात, सर. ही खाली जाईल."

"एकशे बावीस?" दादा एवढ्या मोठ्याने बोलला की घटस्फोटवाली बाईसुद्धा गप्प झाली. "अहो, मी फ्रेमवाला आहे. उभा जन्म मापात गेला माझा. एकशे बारा आहे ही! टेप बदला तुमची."

त्याने खिशातून स्वतःची स्टीलची टेप काढली. ती त्याच्या खिशात नसते असा दिवस नाही. बॅग आडवी पाडली, कुलूप उघडलं, झाकण वीतभर किलकिलं केलं आणि टेप आत सरकवली. "बघा. एकावन्न. ही छत्तीस. आणि खोली पंचवीस. झाले की नाही एकशे बारा?"

गेटवरची बाई त्याच्याकडे बघतच राहिली. "सर, तुम्ही आतून मोजताय."

"मग? आतूनच मोजतात!"

आणि इथेच धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. फ्रेमच्या धंद्यात माप म्हणजे आतलं माप. बारा बाय अठराची फ्रेम म्हणजे बारा बाय अठराचा फोटो आत बसेल ती. बाहेरची लाकडी पट्टी दोन बोटं असो नाहीतर चार, तिला कुणी मापात धरत नाही. दादाने आयुष्यभर अशीच मापं घेतली होती. मुठी, चाकं, कवच, हे सगळं त्याच्या लेखी नुसती पट्टी. फोन ठेवायच्या आधी अर्धं मिनिट ऐकून घेतलं असतं तर? पण नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"विमानातल्या कप्प्यात बॅग बाहेरून बसवावी लागते सर," बाई म्हणाली. "आतून नाही."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. दादा लाल झाला. त्याने मागच्या एका तरुणाच्या निमुळत्या लांबट बॅगेकडे बोट केलं. "मग ती? ती माझ्यापेक्षा लांब आहे. तिला कसं सोडलंत?"

बाईने शांतपणे तीही मोजली. "बासष्ट, तीस, वीस. एकशे बारा. आमच्याकडे बेरीज बघतात. एक बाजू लांब असली तरी बाकीच्या कमी असल्या की चालतं. तुमच्या तिन्ही बाजू थोड्या थोड्या जास्त आहेत."

नाचता येईना अंगण वाकडं, असं आई म्हणाली असती. आई! धाकटीला एकदम सिस्टरचा आवाज आठवला आणि तिने दादाचा दंड धरला. "दादा, बॅग खाली गेली तर बोट चुकेल. आत काय आहे तेवढं सांग. कपडे असतील तर माझ्या बॅगेत कोंबू, नाहीतर अंगावर चढव. बॅग इथेच टाकून दे. खड्ड्यात गेली ती बॅग."

"टाकून काय दे? नवी आहे."

"आत काय आहे?"

"काच आहे," दादा खालच्या आवाजात म्हणाला. मग बाईकडे वळून मोठ्याने, "काच आहे आत! खाली टाकलीत आणि फुटली तर कोण जबाबदार?"

बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी माया आली. "नाजूक वस्तू असेल तर ती बाहेर काढा आणि हातात घ्या. केवढी आहे? सपाट असेल तर मी जाऊ देते, सीटखाली आडवी राहील. बॅग मात्र खाली जाईल किंवा इथे राहील."

म्हणजे सुटका होती. अगदी हातात आलेली सुटका. वस्तू काखेत मारायची, बॅग सोडून द्यायची, बोट पकडायची. धाकटीने सुटकेचा निःश्वास सोडला आणि ती बॅगेपाशी बसली. दादा म्हणाला, "थांब, तू नको." पण तोवर तिने झाकण वर केलं होतं.

आत दादाचे दोन शर्ट होते आणि त्यांच्यावर बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली, कोपऱ्यांना पुठ्ठे लावलेली एक फ्रेम. बॅगेच्या लांबी-रुंदीत चपखल बसलेली. ही बॅग त्या फ्रेमसाठीच निवडली होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. धाकटीने फ्रेम बाहेर काढली. चिकटपट्टी सैल होती, प्लास्टिक एका बाजूने घसरलं.

आतून आई हसत होती.

तो फोटो धाकटी ओळखत होती. तिच्या पदवीच्या दिवशीचा. मूळ फोटोत आईच्या शेजारी धाकटी होती, आईच्या खांद्यावर हात टाकून. आता धाकटी कापली गेली होती, फक्त तिची तीन बोटं आईच्या खांद्यावर तेवढी उरली होती, बाकीचं सगळं गुळगुळीत करड्या रंगात गेलेलं. भोवती काळी पट्टी, आत सोनेरी रेघ. खाली पितळी पाटी. पाटीवर आईचं पूर्ण नाव. नावाखाली जन्माचं साल, सालापुढे एक आडवी रेघ. आणि रेघेपुढे कोरी जागा.

सालाकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिची नजर त्या कोऱ्या जागेवर खिळली. जागा नीट मोजून सोडली होती. चार आकडे बरोबर मावतील एवढी.

"अरेरे," केळ्याची साल टाकणारा माणूस मागून वाकून म्हणाला. "आई गेल्या का तुमच्या? देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

"नाही," धाकटी म्हणाली. "जिवंत आहे."

तो माणूस असा मागे सरला जसं काही त्याचा पाय कशात तरी पडला. गेटवरच्या बाईने नजर टेपकडे वळवली आणि ती उगाच गुंडाळू लागली.

धाकटीला उलटी येईल असं वाटलं. खरंच वाटलं. तोंडात आंबट पाणी आलं. इतकी वर्षं नाही नाही त्या डब्या उघडल्या, पण असं कधी झालं नव्हतं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण तिने आजवर हसण्यावारी वापरली होती. इथे तर आई श्वासाशी झगडत होती आणि याने पाटी कोरून ठेवली होती.

"दादा, हे काय आहे?"

"वेळेला धावपळ नको म्हणून," दादा म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "बाबांच्या वेळी काय झालं आठवतंय ना? माणसं दारात, आणि लावायला धड फोटो नाही. मी फ्रेमवाला, आणि माझ्याच बापाला ओळखपत्राचा पुसट फोटो! लोक काय म्हणाले असतील? या वेळी नाही. या वेळी व्यवस्थित."

"लोक काय म्हणतील," धाकटी म्हणाली. "बरं. मग घे हातात आणि चल. काखेत मार. बॅग राहू दे."

दादा हलला नाही. त्याने एकदा फ्रेमकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. सगळी रांग त्याच्याकडेच बघत होती. अशी आई काखेत घेऊन विमानात चढायचं, सीट शोधायची, बोटीवर बसायचं, सिस्टरच्या दारावरून जायचं. बॅगेत झाकलेली ती व्यवस्था होती. हातात उघडी धरली की ती काय होती, हे त्यालाही कळलं असावं. त्याने प्लास्टिक ओढून घेतलं, फ्रेम परत आत ठेवली, शर्ट वर दाबले आणि कुलूप लावलं.

"खाली टाका," तो बाईला म्हणाला.

"दादा!"

"पट्टा लगेच सुरू होतो हल्ली. उगाच टेन्शन घेऊ नकोस."

विमानात ती त्याच्या शेजारी बसली, कारण तिकिटंच तशी होती. दादाने सँडविच मागवलं. ओठाच्या कोपऱ्यात सॉस लागलेला तसाच ठेवून तो तिला समजावत राहिला. मरण कुणाला चुकलंय, कुणीतरी व्यवहारी असावंच लागतं, तुझं काय, तू रडशील आणि मोकळी होशील. "आणि फ्रेम बघितलीस का नीट? सांधा दिसला तुला कुठे?" असंही त्याने विचारलं. हो, विचारलं! धाकटीने शाल तोंडावर ओढून घेतली आणि खिडकीकडे मान वळवली. त्याच्या चावण्याचा आवाज शालीतूनही येत होता.

विमान उतरलं. धाकटी दारापाशी पहिली होती. दोघं सामानाच्या पट्ट्यांच्या दालनात आले तर पट्टा निपचित पडलेला. वर दिवा नाही, शेजारी माणूस नाही.

"बॅग उद्या ने. मी इथल्या लोकांना सांगते, ठेवतील ते बाजूला. चल, दादा. बोट."

"काच आहे तिच्यात. कुणी उचलली तर? पाच मिनिटं थांब."

"आई तिकडे आहे. तुझ्या बॅगेत नाही."

"तू हो पुढे. मी आलोच मागोमाग."

पट्ट्यासमोर तो पाय रोवून उभा राहिला, हाताची घडी घालून. धाकटीने त्याला एकदा शेवटचं पाहिलं. तिला राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं. बशीत काही तरी वळवळताना दिसावं आणि हात आपोआप मागे यावा, तसं काहीसं होत होतं. ती वळली आणि धावत सुटली.

बोट तिला मिळाली. दादाला नाही.

आईच्या खोलीत वाफेच्या भांड्याचा वास होता. आई उशांच्या ढिगाला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, श्वास घरघरणारा. धाकटीने शाल तिच्या खांद्यांवर घातली. आईने डोळे न उघडताच हात चाचपला. "बारकी?"

"हो."

"दादा?"

"त्याची बॅग मोठी झाली, आई. अडकलाय. येतोय."

"नेहमीचंच," आई पुटपुटली आणि तिचा हात हातात धरून पडून राहिली. सिस्टर आणि धाकटी आळीपाळीने वाफ देत राहिल्या. यापुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्यांना ते ठाऊक असतं.

सकाळी आईला दरदरून घाम सुटला, कपडे भिजले आणि ताप उतरला. सिस्टरने तीन वेळा तपासलं. डॉक्टर येऊन छाती ऐकून गेले. "चिवट आहेत," म्हणाले. आईने उशीला टेकून चहा मागितला आणि तो पाणचट झालाय अशी तक्रारही केली. धाकटी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पोटभर रडली.

पहिल्या बोटीने दादा आला. दारात ती काळी चकचकीत बॅग आधी दिसली, मग तो. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. दारातच थबकला. उशीला टेकून आई बशीत चहा ओतत होती.

"ये," आई म्हणाली. "उशीर केलास."

"आई," दादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, हे धाकटीला मान्य करावं लागलं, आणि त्यानेच तिला अधिक शिसारी आली. माणूस खरं रडतो आणि आदल्या दिवशी पाटीही कोरतो. दोन्ही तितक्याच मनापासून.

"एवढी मोठी बॅग?" आईने मान उंचावून पाहिलं. "एका रात्रीसाठी? काय आणलंस माझ्यासाठी?"

"काही नाही. कपडे."

"खोटं बोलतोस. लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. उघड."

दादाने धाकटीकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या नजरेत विनवणी होती. काहीतरी सांग, काहीतरी कर. धाकटीच्या मनात आलंही, की बॅग उचलावी आणि बाहेर न्यावी. आईसाठी. पण मग तिला ती खांद्यावरची तीन बोटं आठवली.

"उघड ना दादा," ती म्हणाली. "एवढी काच सांभाळलीस."

दादाने किल्ली लावली. झाकण उघडलं. शर्ट बाजूला झाले, प्लास्टिक सुटलं. काच शाबूत होती, एक ओरखडाही नव्हता. सिस्टरने फ्रेम पाहिली, तोंडावर हात ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

आईने बशी खाली ठेवली. चष्मा मागितला. धाकटीने दिला. आईने फ्रेम मांडीवर घेतली आणि आपल्याच चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पितळी पाटी जवळ घेतली. नाव वाचलं. साल वाचलं. रेघेवरून बोट फिरवत कोऱ्या जागेपर्यंत आणलं आणि तिथे ते थांबलं.

दादाचे कान लालभडक झाले होते.

"साल चुकलंय," आई म्हणाली.

"काय?"

"हे साल तुझ्या बाबांचं आहे. त्यांच्या फोटोखालच्या पाटीवरून उचललंस ना? मी त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान." तिने चष्मा काढला, फ्रेम उलटी करून त्याच्या हातात दिली आणि बशी पुन्हा उचलली. चहाचा एक घोट घेतला. "घेऊन जा. नीट करून आण. मला काही घाई नाही."